लाइव्हमध्ये साडीचा रेट आधी सांगायचा की शेवटी?

प्रश्न: सांगलीत साडीचं दुकान आहे. फेसबुकवर लाइव्ह घेते. लोक ‘प्राइस?’ एवढंच विचारून निघून जातात. साड्या कोणत्या क्रमाने दाखवू आणि रेट कधी सांगू?

उत्तर: रेट आधी सांगायचा, ताई. साडी हातात आली की पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत. ‘रेट लपवला की बाया थांबतात’ असं आमच्या धंद्यात निम्मे लोक अजूनही छातीठोकपणे सांगतात. दुकानात गादीवर बसलेलं गिऱ्हाईक थांबतं, कारण उठायला त्याला संकोच वाटतो. मोबाइलवर कसला संकोच?

समजा १६ साड्या आणि पन्नास मिनिटं आहेत, म्हणजे एकीला तीन मिनिटं. पहिल्या दोन साड्या साडेसहाशेच्या, दहा-बारा नग असलेल्या ठेवा. तेवढ्यात माणसं जमतात, आणि नग भरपूर असल्याने उशिरा आलेलीचंही काही बिघडत नाही. एकच नग असलेली भारी साडी सहाव्या-सातव्या नंबरला घ्या. ती शेवटाला ठेवली तर बघायला कुणी उरत नाही.

आता सात नंबरची इरकल घ्या. वाक्य एका दमात यायला हवं: “नंबर सात, इरकल, सोळाशे पन्नास, ब्लाउजपीससह, कुरिअर वेगळं, एकच नग.” १६५० लिहिलेली जाड चिठ्ठी काठाला टाचणीने लावा, कारण बऱ्याच जणी आवाज बंद ठेवून बघतात. मग पदर उलगडा, टोपी-तेणी कॅमेऱ्याजवळ न्या आणि रेट पुन्हा म्हणा. मधेच आलेलीने पहिला ऐकलेलाच नसतो.

खरा घोळ पुढेच होतो. तुमचं बोलणं समोर काही सेकंद उशिरा पोचतं, मग ती टाइप करणार. तुम्ही लगेच आठ नंबर उचललात की खाली “मला पाहिजे” येतं. कुठली, सात की आठ? म्हणून “सात हवी असेल तर ७ लिहा” असंच म्हणायचं आणि वीसेक सेकंद तीच साडी हातात ठेवून काठ दाखवत राहायचं. ‘कशी वाटली?’ विचारू नका, त्याला नुसते बदाम येतात. वहीवाली मुलगी दुसऱ्या मोबाइलवर कमेंट बघेल, पहिलं नाव लिहील आणि तुम्ही ते मोठ्याने वाचाल. ‘पहिली कोण’ हे त्याच एका मोबाइलवरून ठरवायचं, नाहीतर भांडणं ठरलेली.

आदल्या रात्री ‘फक्त मी’ सेटिंग लावून चार साड्यांची तालीम करा आणि दुसऱ्या मोबाइलवर तुमच्याच खात्यातून बघा. चिठ्ठी उलटी दिसते का, पिवळ्या बल्बखाली मोरपंखी हिरवी दिसते का, ते तिथेच कळतं.

हो, एक राहिलं. लाइव्हच्या मोबाइलवर कॉल आला तर प्रक्षेपण अडकू शकतं. तो मोबाइल ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका आणि बुकिंगचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर दुसऱ्या मोबाइलचा द्या. आणि हे सगळं साडीचं गणित आहे. बेदाणा-हळद विकायची असेल तर नगाचा प्रश्नच नसतो, तिथे क्रम कसाही चालतो.