पाठवलेल्या अहवालातला आकडा चुकला, तर दुरुस्तीचा ईमेल लिहावा का?

प्रश्न: मी पुणे जिल्ह्यातल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कारखान्यात लेखा विभागात सहायक व्यवस्थापक आहे. ३० सप्टेंबरचा साठा अहवाल मी ८ ऑक्टोबरला सहा विभागांना ईमेलने पाठवला. त्यातला ६ कोटी ८४ लाखांचा आकडा बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही गेला. आता लक्षात आले, की ग्राहकाने जॉबवर्कसाठी दिलेल्या ३८ लाखांच्या पितळी सळ्या त्यात कंपनीच्या म्हणून धरल्या गेल्या आहेत. साहेब म्हणतात, “लेखी काही पाठवू नका, ऑक्टोबरच्या अहवालात तेवढा माल वापरला असे दाखवा.” मी ईमेल पाठवला तर ती गुन्ह्याची कबुली ठरेल का? पाठवायचाच असेल तर कसा लिहू? (कॅश क्रेडिटचे मंजुरीपत्र, स्टेटमेंट आणि गणिताचा कागद सोबत जोडला आहे.)

उत्तर: ईमेल पाठवा, आणि ऑक्टोबरचा अहवाल तयार होण्यापूर्वी पाठवा. तुमची भीती मी समजू शकते, पण कायद्याच्या नजरेने पाहिले तर धोका ईमेलमध्ये नसून साहेबांनी सुचवलेल्या मार्गात आहे.

भारतीय न्याय संहितेचे कलम ३४४ हिशेबातील खोटेपणाविषयी आहे आणि ते कारकून, अधिकारी किंवा नोकर यांना थेट लागू होते. मालकाच्या ताब्यातील वही, हिशेब किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख जाणूनबुजून आणि फसवणुकीच्या इराद्याने खोटा करणे हा त्यातला गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. ८ ऑक्टोबरला तुम्ही आकडा पाठवलात तेव्हा तो चुकीचा आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हते, त्यामुळे त्या दिवशी ना जाणीव होती ना इरादा. चूक लक्षात आल्यापासून मात्र परिस्थिती बदलली आहे. आता ३८ लाखांचा माल ‘वापरला’ असे लिहिले, तर ती चुकीची दुरुस्ती होणार नाही, ती माहीत असताना केलेली नवी खोटी नोंद होईल, आणि ती तुमच्या हातून झालेली असेल.

शिवाय ती नोंद टिकणारही नाही. त्या सळ्या ग्राहकाच्या डिलिव्हरी चलनावर आल्या आहेत, आणि तुमच्याकडे पाठवलेल्या मालाचा तपशील ग्राहकाला जीएसटीच्या आयटीसी-०४ विवरणात द्यावा लागतो. ऑक्टोबरमध्ये संपलेला माल नोव्हेंबरमध्ये ग्राहकाला परत कसा गेला, हा प्रश्न स्टोअरचे रजिस्टर उघडणारा कोणीही विचारील.

आता कबुलीचा मुद्दा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये पक्षकाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने केलेले कथन ‘कबुली’ म्हणून त्याच्याविरुद्ध वापरता येते, आणि कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात लिहिलेला ईमेल काही परिस्थितींत कंपनीचे कथन मानला जाऊ शकतो. साहेबांची काळजी एवढ्यापुरती निराधार नाही. परंतु कलम २५ प्रमाणे कबुली हा निर्णायक पुरावा नसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुम्ही कबूल काय करणार आहात ते पाहा. आकडा चुकला आणि कशामुळे चुकला, एवढेच तुम्ही सांगणार आहात. ही बाब चलन, स्टोअर रजिस्टर आणि खातेवही यांवरून तशीही सिद्ध होते. फसवण्याचा इरादा होता, असे त्या ईमेलमध्ये कुठेही नाही.

उलट तोच ईमेल तुमच्या उपयोगी पडू शकतो. स्वतःच्या बाजूने केलेले कथन सर्वसाधारणपणे स्वतःसाठी पुरावा म्हणून वापरता येत नाही. मात्र कलम १९ मध्ये याला एक अपवाद आहे: त्या वेळच्या मनःस्थितीविषयीचे कथन त्याच सुमारास केलेले असेल आणि ते खोटे असणे असंभवनीय ठरावे असे वर्तन त्याच्या जोडीला असेल, तर ते ग्राह्य धरता येते. चूक कळल्याबरोबर सर्वांना लेखी कळवणे आणि त्याच दिवशी दुरुस्त तक्ता देणे हे असे वर्तन आहे. तीन महिन्यांनी, लेखापरीक्षकाने विचारल्यावर लिहिलेल्या ईमेलला हे बळ राहत नाही.

लेखापरीक्षक विचारणार हे मी अंदाजाने म्हणत नाही. तुमची मंजूर मर्यादा ६ कोटींची आहे. चालू मालमत्तेच्या तारणावर ५ कोटींपेक्षा अधिक खेळते भांडवल मंजूर झालेल्या कंपनीने बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंटे खातेवह्यांशी जुळतात का, हे लेखापरीक्षकाला कारो, २०२० या आदेशानुसार आपल्या अहवालात नमूद करावे लागते, आणि जुळत नसतील तर तपशील द्यावा लागतो. ३० सप्टेंबर हा तिमाहीचा शेवट आहे. तुमच्या कागदांवरून खातेवहीत साठा बरोबर, म्हणजे ६ कोटी ४६ लाखच आहे, असे दिसते. फरक फक्त अहवालात आणि तिथून स्टेटमेंटमध्ये आला. तो वर्षअखेरीस समोर येईलच.

परिणामाविषयी ईमेलमध्ये ‘काही प्रमाणात परिणाम संभवतो’ असे मोघम लिहू नका, कारण इथे परिणाम मोजता येतो. तुमच्या मंजुरीपत्राप्रमाणे साठ्यातून १ कोटी ४४ लाखांची पुरवठादारांची देणी वजा करून उरलेल्या रकमेवर २५ टक्के मार्जिन आहे, आणि ग्राहकांकडील ३ कोटींच्या येण्यांवर ४० टक्के. चुकीच्या आकड्याने ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणारी कमाल रक्कम, ५ कोटी ८५ लाख निघाली, बरोबर आकड्याने ती ५ कोटी ५६ लाख ५० हजार निघते. त्या वेळी खात्यातली उचल ५ कोटी ७० लाख होती. म्हणजे कागदावर १५ लाखांची मोकळीक दिसत असताना प्रत्यक्षात उचल १३ लाख ५० हजारांनी जास्त होती. उचल ड्रॉइंग पॉवरपेक्षा सलग ९० दिवस जास्त राहिली, तर रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार खाते अनियमित ठरून अनुत्पादक कर्जात जाते, त्यामुळे ही रक्कम वित्त विभागाला आज कळणे आणि डिसेंबरमध्ये कळणे यांत मोठे अंतर आहे. दुसरी गोष्ट, त्या सळ्या कंपनीच्या मालकीच्या नाहीत. त्या तुमच्याकडे निक्षेप म्हणून आहेत, आणि दुसऱ्याचा माल कंपनीला तारण देता येत नाही. ग्राहकाला हे बाहेरून कळले, तर वाद आकड्यापुरता राहणार नाही.

ईमेलचा मसुदा देत आहे. कार्यालयाचा व्यवहार इंग्रजीत असेल तर इंग्रजीत लिहा, पण क्रम हाच ठेवा.

> विषय: दुरुस्ती – ३० सप्टेंबरचा साठा अहवाल (८ ऑक्टोबरला पाठवलेला)
>
> सर्व संबंधितांस,
>
> ८ ऑक्टोबर रोजी मी पाठवलेल्या अहवालात एकूण साठा ६ कोटी ८४ लाख रुपये दाखवला आहे. योग्य आकडा ६ कोटी ४६ लाख रुपये असून फरक ३८ लाख रुपयांचा आहे. कृपया यापुढे जुना आकडा वापरू नये.
>
> कारण: ग्राहकाकडून जॉबवर्कसाठी डिलिव्हरी चलनावर आलेल्या पितळी सळ्या स्टोअरच्या यादीत कंपनीच्या मालाच्याच गोदाम क्रमांकाखाली नोंदल्या गेल्या आहेत. अहवालाचा तक्ता त्या क्रमांकाखालील सर्व मालाची बेरीज घेतो, आणि तो पाठवण्यापूर्वी मी त्याचा खातेवहीशी ताळा केला नव्हता. ही बाब मला २७ ऑक्टोबर रोजी लक्षात आली.
>
> परिणाम: हा आकडा सप्टेंबरच्या बँक स्टॉक स्टेटमेंटमध्ये वापरला गेला आहे. माझ्या गणिताप्रमाणे ड्रॉइंग पॉवर २८ लाख ५० हजारांनी कमी होते. सुधारित स्टेटमेंटबाबत वित्त विभागाने निर्णय घ्यावा, ही विनंती. खातेवहीतील साठा बरोबर असल्याने तिच्यात बदल करावा लागत नाही. ज्यांनी हा अहवाल पुढे पाठवला असेल, त्यांनी ही दुरुस्तीही तिथे पाठवावी.
>
> जुना अहवाल, सुधारित अहवाल आणि फरकाचा तक्ता सोबत जोडला आहे. ग्राहकाच्या मालासाठी वेगळा गोदाम क्रमांक द्यावा, अशी विनंती स्टोअर विभागाला केली आहे.
>
> सहायक व्यवस्थापक, लेखा

यात ‘निष्काळजीपणा’, ‘दिशाभूल’, ‘बँकेची फसवणूक’ असे शब्द नाहीत, हे मुद्दाम आहे. ते कायद्याचे निष्कर्ष आहेत आणि ते काढणे तुमचे काम नाही. ‘स्टोअरच्या चुकीमुळे’ असेही लिहिलेले नाही, कारण ताळा तुम्ही करायचा होता आणि तो झाला नाही, हे त्याच वाक्यात सांगणे खरे आणि सुरक्षितही आहे. दोष दुसऱ्यावर ढकललेला ईमेल चौकशीत सर्वांत आधी उलटतो, असा माझा अनुभव आहे. मसुद्यात मी २७ ऑक्टोबर ही तारीख घातली आहे, तिथे तुम्हाला खरोखर ज्या दिवशी कळले ती तारीख लिहा. ती एक दिवसानेही मागेपुढे करू नका.

ईमेल ८ ऑक्टोबरच्या मूळ ईमेललाच उत्तर म्हणून, त्याच सहा विभागांना पाठवा, म्हणजे दोन्ही एकत्र राहतील. मूळ ईमेल परत घेण्याचा किंवा पुसण्याचा प्रयत्न करू नका. पुरावा म्हणून हजर करता येऊ नये अशा हेतूने इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि साध्या चुकीला तसा रंग येण्याची संधी देऊ नये. बँकेला तुम्ही परस्पर कळवू नका. सुधारित स्टेटमेंट कंपनीच्या अधिकृत स्वाक्षरीनेच जायला हवे आणि परस्पर कळवल्यास गोपनीयतेच्या अटीचा भंग तुमच्या माथी येईल. त्याच कारणाने ही कागदपत्रे स्वतःच्या खाजगी ईमेलवरही पाठवू नका. पुढे गरज पडली, तर कंपनीच्या सर्व्हरवरील ईमेल साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह न्यायालयात आणता येतो.

राहिले साहेब. ईमेल सर्वांना पाठवण्यापूर्वी मसुदा त्यांना पाठवा आणि लिहा, “३८ लाखांचा फरक वापर म्हणून दाखवणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही असे मला वाटते, म्हणून सोबतच्या मसुद्याप्रमाणे उद्या दुपारी कळवत आहे. आपल्या सूचना असल्यास लेखी कळवाव्यात.” बहुतेक वेळा यानंतर तोंडी आदेश मागे घेतला जातो. ‘पाठवू नका’ असे लेखी उत्तर आले, तर तो ईमेल आणि तुमचा मसुदा वित्तप्रमुखांकडे, आणि वित्तप्रमुख हेच ते साहेब असतील तर संचालकांकडे पाठवा. ऑक्टोबरच्या अहवालावर मात्र कोणत्याही परिस्थितीत तुमच्या नावाने ती वापराची नोंद जाऊ देऊ नका.

विभागीय चौकशी होणारच नाही, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. ताळा न केल्याबद्दल ताकीद किंवा कारणे दाखवा नोटीस येऊ शकते. तशी नोटीस आली, तर उत्तर देण्यापूर्वी ती आणि या ईमेलची छापील प्रत घेऊन आपल्या भागातल्या कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा.