कंसात कंस घालून बहुपदीची किंमत काढणं आणि संश्लेषक भागाकार

प्रश्न: "किंमत काढताना कंसात कंस घातले की गुणाकार कमी होतात ते समजलं, पण आकडे अगदी संश्लेषक भागाकारासारखेच येतात. हा योगायोग आहे का?"

नाही, योगायोग नाही, दोन्हीकडे तुम्ही एकच हिशेब करताय. आधी एक उदाहरण हाताने करून बघा.

p(x) = 2x^4 - 3x^3 + 5x - 7, आणि x = 3 ला किंमत हवीय. प्रत्येक पद सुटं केलं तर ४, ३ आणि १ असे ८ गुणाकार होतात. आता x कॉमन काढत जा:

```
(((2x - 3)x + 0)x + 5)x - 7
```

सगळ्यात आतल्या कंसापासून सुरू करा, २ ला ३ ने गुणून ३ वजा केले की ३, मग ३×३+० म्हणजे ९, मग ९×३+५ म्हणजे ३२, आणि शेवटी ३२×३−७ म्हणजे ८९. चार गुणाकारात काम झालं. कोटी २० असेल आणि सगळी पदं असतील तर सुट्या पद्धतीने २१० गुणाकार लागतात, घात साठवत गेलात तरी ३९, आणि असे कंस घालून फक्त २०.

आता वाटेत आलेले आकडे बघा: २, ३, ९, ३२ आणि ८९. x − 3 ने संश्लेषक भागाकार केलात तर खालच्या ओळीत हेच येतात, कारण भागाकार 2x^3 + 3x^2 + 9x + 32 आहे आणि बाकी ८९. का, तर p(x) = (x − 3)q(x) + r असं लिहून दोन्ही बाजूंचे सहगुणक जुळवले की q चा प्रत्येक सहगुणक म्हणजे "p चा सहगुणक अधिक ३ गुणिले q चा आधीचा सहगुणक" असा निघतो, आणि कंस सोडवताना आपण नेमकं हेच करत होतो. x = 3 टाकलं की (x − 3) शून्य होतो, उरते r, म्हणजे बाकी हीच किंमत, यालाच आपण शेष सिद्धांत म्हणतो.

सगळ्यात जास्त चुका त्या ० पाशी होतात. x^2 चं पद नाहीये म्हणून शून्य लिहिलंच नाही, तर २, ३, १४, ३५ असं येतं आणि ३५ हे उत्तर दिसायला अगदी बरोबर वाटतं, पण ती 2x^3 - 3x^2 + 5x - 7 ची किंमत आहे, बहुपदीच बदलली! म्हणून आधी आकडे मोजा, कोटी ४ तर सहगुणक ५ हवेतच. आणि भाजक x + 3 असेल तर गुणायचं −३ ने.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट मात्र पुढे आहे. बाकी बाजूला ठेवून २, ३, ९, ३२ वर परत ३ ने तेच करा: २, ९, ३६, १४०. हे १४० म्हणजे q(3), आणि तेच p'(3), कारण (x − 3)q(x) + r चं डेरिव्हेटिव्ह घेऊन x = 3 टाकलं की फक्त q(3) उरतो. पडताळा घ्या, 8x^3 - 9x^2 + 5 मध्ये ३ टाका, २१६−८१+५ म्हणजे १४०च. न्यूटनच्या पद्धतीने मूळ शोधताना किंमत आणि डेरिव्हेटिव्ह दोन्ही लागतात, ते असे एकाखाली एक दोन ओळींत मिळतात.

फक्त x^16 + 1 सारख्या, मधली सगळी पदं गायब असलेल्या बहुपदीला हे वापरू नका, तिथे १६ गुणाकार होतील आणि नुसता वर्ग करत गेलात तर चारच पुरतात.