हायड्रोमीटर लावण्याआधी कोरी बरणी भरा

मातीच्या हायड्रोमीटर चाचणीत चिकणमाती जास्त येतेय म्हणालात, म्हणून आधी एकच विचारतो: नुसत्या पाण्याची बरणी शेजारी ठेवता का? पाणी म्हणजे मातीचे कण सुटे करणारं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं द्रावण घातलेलं, तेवढ्याच मापाचं, फक्त माती नसलेलं. हे द्रावण स्वतःच हायड्रोमीटर वर उचलतं.

हिशेब बघा. ७५ मायक्रॉनच्या चाळणीखालची ५० ग्रॅम माती एक लिटरमध्ये, कणांची घनता २.७. २ मायक्रॉनहून मोठे कण खाली बसायच्या वेळेला वाचन १५ आलं, कोऱ्या बरणीत ३. वजा केलं तर १२; त्याला २.७/१.७ ने गुणून ५० ने भागलं, म्हणजे चिकणमाती ३८ टक्के. न वजा करता ४८! दोन्हीकडे पाण्याच्या चढलेल्या कडेवरच वाचा. गढूळ पाण्यात खालची पातळी दिसतच नाही.

दुसरं, उलटी चूकही होते. आपली सोलापूरची काळी माती बघा. तिच्यात चुनखडी असते, त्यात बोअरचं जड पाणी वापरलं की कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि भराभर बसतात. मग चिकणमाती गाळ म्हणून मोजली जाते. तासाभरात वर स्वच्छ पाण्याचा थर आणि खाली ठळक रेघ दिसली, तर ते वाचन सोडून द्या. डिस्टिल्ड पाणी घ्या, द्रावण ताजं करा, माती रात्रभर भिजवून पुन्हा मिक्सरमध्ये फिरवा.

तापमान दर वाचनाला लिहाच. २ मायक्रॉनचा कण दहा सेंटीमीटर उतरायला २० अंशांना साडेसात तास घेतो, ३० अंशांना सहा. मे महिन्यात बरण्या पत्र्याखाली नकोत.

चुनखडी काढायची ऍसिडची प्रक्रिया सध्या राहू द्या.