सोसायटीतल्या रक्तदान शिबिराचं कॅप्शन: जळगावच्या मे महिन्यासाठी

प्रश्न: आमच्या जळगावच्या सोसायटीत मे महिन्यातल्या एका रविवारी रक्तदान शिबिर ठेवलंय. ग्रुपवर टाकायला कॅप्शन हवंय. कोणाला रक्त देता येतं, वेळ काय, आणि पहिल्यांदा देणाऱ्यांची भीती जाईल असं काहीतरी. कोणी सुचवेल का?

उत्तर: आमच्या भागातल्या शिबिरांत मी बरीच वर्षं नोंदणीच्या टेबलावर बसतो. लोक तिथे येऊन जे विचारतात, तेवढंच कॅप्शनमध्ये लिहा. ‘रक्तदान श्रेष्ठदान’ बॅनरवर असतंच. मी असं लिहीन:

“रविवारी सकाळी ८ ते १२, सोसायटीच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर. नोंदणी ११:३० पर्यंत. वय १८ ते ६५ (पहिल्यांदा देत असाल तर ६० पर्यंत), वजन किमान ४५ किलो. मागच्या रक्तदानाला पुरुषांचे ३ आणि महिलांचे ४ महिने पूर्ण झालेले हवेत. पोटभर नाश्ता करून, भरपूर पाणी पिऊन या. उपास असेल तर त्या दिवशी रक्त देऊ नका. रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा. पहिल्यांदा येताय? सुई दहा मिनिटांच्या आत निघते. येताना सांगा, कोणीतरी शेजारी थांबेल.”

आता वेळेबद्दल. ‘९ ते ५’ अजिबात ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. घामाने अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, त्यात ३५० मिली रक्त गेलं की चक्कर येण्याची शक्यता वाढते. गर्दीचाही हिशोब करा. चार खाटा असतील आणि झोपवणं, सुई, उठवणं धरून माणशी १५ मिनिटं लागली, तर तासाला १६ जण होतात, चार तासांत साधारण ६०. म्हणून बिल्डिंगनिहाय तास वाटून द्या, नाहीतर साडेनऊला सगळे एकदम येतात आणि मांडवात घाम पुसत रांगेत उभे राहतात. तारीख पक्की करण्याआधी कॅलेंडरमध्ये एकादशी बघून घ्या. रविवारी एकादशी आली तर निम्म्या बायका साबुदाण्यावर असतात.

पात्रतेच्या ओळी पाळूनही काही जणांना परत पाठवलं जातं, बहुतेकदा हिमोग्लोबिनमुळे. ते १२.५ तरी लागतं. काही ठिकाणी मशीनवर बघतात, काही ठिकाणी अजून मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बोटाच्या रक्ताचा थेंब टाकतात: थेंब बुडाला तर चालतं, तरंगत राहिला तर नाही. शेती असलेल्या घरांत मोरचूद फवारणीपुरतंच माहीत असतं, त्यामुळे लोक हे बघून चकित होतात. बायकांना यात जास्त वेळा नकार मिळतो आणि चारचौघांत त्या ओशाळतात. म्हणून तपासणीचं टेबल रांगेपासून बाजूला लावा, आणि थेंब तरंगला तर ‘नंतर डॉक्टरांना दाखवून घ्या’ एवढं हळूच सांगा. दुसरी कारणं म्हणजे वर्षभरात काढलेला टॅटू, नुकताच होऊन गेलेला मलेरिया किंवा डेंग्यू, चालू अँटिबायोटिक. अशा वेळी निर्णय रक्तपेढीच्या डॉक्टरांचा, कमिटीच्या सेक्रेटरींचा नाही.

भेटवस्तूचा उल्लेख कॅप्शनमध्ये करू नका, हे माझं ठाम मत. हेल्मेट किंवा डबा मिळतोय म्हटलं की माणूस तपासणीत आजार लपवतो. दिलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांची तपासणी होते खरी, पण अगदी ताजा संसर्ग त्यात सुटू शकतो. म्हणून फॉर्मवर खरं लिहिणं गरजेचं असतं.

भीतीचं म्हणाल, तर लोक सुईला जितके घाबरतात त्याहून जास्त चक्कर येऊन सगळ्यांसमोर पडण्याला घाबरतात. चक्कर बहुतेकदा न सांगता येत नाही. आधी जांभया येतात, चेहरा पांढरा पडतो, ओठांवर घाम येतो, बोलणं थांबतं. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना हाक मारा, माणसाला आडवंच ठेवा आणि पाय उंच करा. बहुतेकांना थोड्या वेळात बरं वाटतं. ती येऊच नये म्हणून सुई लागण्याआधी पंधरा-वीस मिनिटं अर्धा लिटर पाणी प्यायला लावा. खाटेवर पायाला पाय अडकवून मांड्या आवळत, सैल सोडत राहायला सांगा. यातली गंमत अशी की बरेच जण खाटेवर ठणठणीत असतात आणि उठून बिस्किटाच्या टेबलाशी गेल्यावर डगमगतात. त्यामुळे तुमचा सगळ्यात शांत स्वयंसेवक त्या टेबलाशी बसवा आणि निदान १५ मिनिटं कोणाला हलू देऊ नका. गाडीची किल्ली लगेच हातात देऊ नका. त्या दिवशी त्या हाताने गॅसची टाकीही नको.

कॅप्शन शुक्रवारी संध्याकाळी टाका. रविवारी सकाळी सातला त्यातली फक्त नाश्त्याची आणि पाण्याची ओळ पुन्हा टाका. नुसत्या चहावर येणारे त्याच वेळी घरात असतात.