तांत्रिक टिपणी साहेबांना कळावी म्हणून वाक्यं किती लांब ठेवायची आणि कोणते शब्द काढायचे?

*प्रश्न: मी एका पतसंस्थेत संगणक विभाग बघतो. आमचे व्यवस्थापक साहेब तांत्रिक नाहीत. टिपणी पाठवली की "सोप्या भाषेत लिहा" असा शेरा येऊन परत येते. सोपी करून पाठवली की विचारतात, "मग यात एवढं तातडीचं काय आहे?" वाक्यं किती लांब असावीत आणि तांत्रिक शब्द किती ठेवावेत?*

दुसरा शेरा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. टिपणी सोपी करताना तुम्ही अवघड शब्दांबरोबर कारणही काढून टाकत असणार. ते कसं होतं, हे एका उदाहरणावर बघू. समजा सर्व्हरमध्ये ४ टीबीच्या चार डिस्क रेड-५ मध्ये, म्हणजे एक बंद पडली तरी काम चालू राहील अशा जोडणीत आहेत, त्यातली एक बंद पडली आहे आणि दुसरी कुरकुरते आहे. आपल्याकडे अशी टिपणी साधारण अशी लिहिली जाते:

> सर्व्हरच्या रेड-५ अ‍ॅरेमधील बे-२ मधील ड्राइव्ह फेल झाल्याने अ‍ॅरे डिग्रेडेड मोडमध्ये गेला असून बे-३ मधील एचडीडीला प्रेडिक्टिव्ह फेल्युअर अलर्ट येत असल्यामुळे रिबिल्डच्या वेळी डबल डिस्क फेल्युअरची शक्यता नाकारता येत नसल्याने दोन्ही हार्ड डिस्क तातडीने रिप्लेस करून रिबिल्ड करणे आवश्यक असल्याचे निदर्शनास आणून देण्यात येत आहे.

४५ शब्द, एक पूर्णविराम. पण नुसते शब्द मोजू नका, सांधे मोजा: "झाल्याने", "असून", "असल्यामुळे", "नसल्याने", "करून". पाच सांधे म्हणजे पाच गोष्टी अर्धवट हातात धरून वाचणाऱ्याने शेवटच्या क्रियापदाची वाट बघायची. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे लांब वाक्य इंग्रजीपेक्षा जास्त जड होतं. इतकी वाट बघून शेवटी मिळतं काय, तर "निदर्शनास आणून देण्यात येत आहे". कोणी काय करायचं, ते कुठेच नाही.

म्हणून माझा नियम शब्दांचा नाही, सांध्यांचा आहे. एका वाक्यात असा एकच सांधा ठेवा. दुसरा आला की तिथे पूर्णविराम द्या. एवढं पाळलं तर वाक्यं आपोआप ८ ते १८ शब्दांत येतात. वीस शब्दांच्या आत लिहा, हा सल्ला बहुतेक इंग्रजीसाठीचा असतो. इंग्रजीत तीन-चार सुट्या शब्दांत येणारं मराठीत "सर्व्हरमधल्याच" अशा एका शब्दात मावतं, त्यामुळे मराठीतलं वीस शब्दांचं वाक्य इंग्रजीतल्या वीसपेक्षा बरंच भरलेलं असतं. वर्डमध्ये वाचनसुलभतेचा जो आकडा दिसतो, तोही मराठीला लावू नका. तो रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये इंग्रजीसाठी मांडलेल्या सूत्रावर आधारलेला आहे. वाक्यात सरासरी किती शब्द आणि इंग्रजी शब्दांत सरासरी किती अक्षरोच्चार असतात, यावर ते बेतलेलं आहे.

आता दुसऱ्या शेऱ्याकडे. वाक्यं तोडायला सांगितलं की लोक अशी तोडतात: "एक डिस्क बंद पडली आहे. दुसरीला अलर्ट आहे. दोन डिस्क हव्या आहेत. मंजुरी द्यावी." सोपं आहे, पण सांधे तोडताना "पण", "तर", "तोपर्यंत" हे शब्दही गेले. साहेबांना चार सुट्या बातम्या दिसतात आणि काउंटर तर चालू आहे. मग "तातडीचं काय" हा प्रश्न अगदी रास्त आहे. तातडी असते ती "पण" आणि "तर" मध्ये. तेच लिहा:

> मुख्य सर्व्हरमधील चार डिस्कपैकी एक बंद पडली आहे. कामकाज अजून सुरू आहे, पण आणखी एक डिस्क बंद पडली तर काउंटर आणि पिग्मीचा भरणा दोन्ही थांबतील. उरलेल्या तीनपैकी एका डिस्कने बिघाडाची पूर्वसूचना दिली आहे.

ही वाक्यं ८, १७ आणि ८ शब्दांची आहेत. मधलं मुद्दाम लांब आहे, कारण धोका त्यातच आहे आणि "पण" व "तर" एकाच दमात वाचले गेले पाहिजेत. वस्तुस्थिती छोट्या वाक्यात, कारण थोड्या लांब वाक्यात, आणि मागणी सगळ्यात छोट्या वाक्यात. सगळी वाक्यं सारख्या मापाची केली की टिपणी तारेसारखी वाटते आणि काय महत्त्वाचं तेच कळत नाही.

शब्दांचं बघू. तांत्रिक शब्द काढायचा की ठेवायचा हे त्याच्या अवघडपणावर ठरवू नका. हा शब्द साहेबांना पुन्हा कुठे दिसणार आहे का, ते विचारा. "डिस्क" कोटेशनवर दिसणार, बिलावर दिसणार, हिशेब तपासनीस विचारणार. तो ठेवायचाच. "बॅकअप" तसाच. "रिबिल्ड" हा शब्द कोटेशनवर नसेल, पण त्यामुळे शनिवार-रविवार सर्व्हर हळू चालणार आहे. म्हणजे तो निर्णयावर परिणाम करतो, म्हणून एकदा उलगडून सांगायचा: "नव्या डिस्कवर माहिती पुन्हा भरणे (रिबिल्ड)". त्यानंतर नुसता "रिबिल्ड" चालतो. "अ‍ॅरे", "बे", "डिग्रेडेड" यांचं साहेबांना काहीच करायचं नाही. ते पहिल्या पानावरून जाऊ द्या.

दोन चुका इथे हमखास होतात. पहिली म्हणजे शब्द सोपा करायचा म्हणून त्याचं मराठीकरण करणं. "डिस्क" ला "तबकडी" आणि "रिबिल्ड" ला "पुनर्बांधणी" केलं तर साहेबांना इमारत डोळ्यांसमोर येईल. रुळलेला शब्द तसाच ठेवा. दुसरी चूक जास्त महाग पडते. वरच्या ४५ शब्दांत एकाच वस्तूला "ड्राइव्ह", "एचडीडी", "डिस्क" आणि "हार्ड डिस्क" अशी चार नावं आहेत. आपल्याला ती एकच वाटते, वाचणाऱ्याला चार वेगळे सुटे भाग वाटतात आणि कोटेशनमध्ये एकच प्रकार दिसला की शंका येते. शाळेतल्या निबंधात तोच शब्द पुन्हा येऊ नये असं शिकवलेलं असतं. टिपणीत तोच शब्द दहा वेळा आला तरी चालेल.

उपमा द्यायची तर ती कुठे फसते ते आधी तपासा. रेडला "गाडीची स्टेपनी" म्हणणं लोकप्रिय आहे. पण स्टेपनी म्हटलं की साहेब म्हणणार, "मग लावा की, काम झालं." इथे खरी स्थिती अशी आहे की स्टेपनी आधीच चाकाला लागलेली आहे आणि डिकी रिकामी आहे. एवढं लिहिलंत तर उपमा उपयोगी पडते. तरीही एक गोष्ट तिच्यात मावत नाही. गाडीचा दुसरा टायर गेला तर गाडी थांबते. इथे दुसरी डिस्क गेली तर माहितीही जाते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे साध्या वाक्यात वेगळं सांगावंच लागतं, कारण चार डिस्क म्हणजे चार प्रती असा समज सर्रास असतो.

"शक्यता नाकारता येत नाही" हे तर कायमचं सोडा. त्यातून ना वेळ कळते ना नुकसान. त्याऐवजी थांबलंच तर काय होईल ते लिहा. उरलेली टिपणी अशी होईल (आकडे उदाहरणापुरते):

> दोन डिस्क घेण्यास बुधवारपर्यंत मंजुरी हवी आहे. खर्च ₹४८,०००, कोटेशन सोबत आहे.
>
> मंजुरी मिळाल्यास डिस्क शुक्रवारी येतील. शनिवारी काम संपल्यावर एक आणि रविवारी सकाळी दुसरी बसवू. प्रत्येक डिस्कवर माहिती पुन्हा भरायला (रिबिल्ड) साधारण १२ तास लागतात आणि तेवढा वेळ सर्व्हर हळू चालतो. त्यामुळे हे काम कामाच्या दिवशी करता येणार नाही. हा शनिवार चुकला तर पुढचे सात दिवस धोका तसाच राहील.
>
> दरम्यान सर्व्हर थांबल्यास आदल्या बॅकअपवरून सुरू करावा लागेल आणि त्यानंतरच्या नोंदी हाताने भराव्या लागतील. आतापर्यंत बॅकअप रात्री ११ वाजता घेत होतो. आजपासून दुपारी २ वाजताही घेत आहोत.

१२ तास कुठून आले? सेकंदाला १०० एमबी या वेगाने ४ टीबी भरायला ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. सर्व्हरवर काम चालू असेल तर आणखी. हा वेग टिपणीत लिहू नका, साहेबांना "शनिवार रात्र" पुरते. पण हिशेब न करता "काही तास" लिहिलंत आणि सोमवारी सकाळी काउंटर रेंगाळला, तर पुढच्या टिपणीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. आकडा ठेवायचा, एकक बदलायचं.

जास्त सोपं झालं की नाही, हे कळायला एक कसोटी आहे. साहेब तुमचं वाक्य जसंच्या तसं संचालक मंडळाच्या सभेत बोलले तर ते खरं ठरेल का? "सर्व्हर खराब झाला आहे" हे सोपं आहे, पण सभेत गेलं की संचालक नवा सर्व्हर घ्यायच्या गोष्टी सुरू करतील. "किरकोळ बिघाड आहे" म्हटलं तर विषय पुढच्या महिन्यावर जाईल. "चारपैकी एक डिस्क बंद आहे" हे तितकंच सोपं आहे आणि कुठेही म्हटलं तरी खरंच राहतं.

पाठवण्याआधी टिपणी हिशेब विभागातल्या कोणाला तरी अर्धा मिनिट वाचायला द्या आणि कागद परत घ्या. मग विचारा: काय मागितलंय, कधीपर्यंत, आणि नाही दिलं तर काय होईल? "कळलं का?" असं विचारू नका, सगळे "हो" म्हणतात. तिसऱ्या प्रश्नाला अडखळले तर एखादं "पण" किंवा "तर" तुटलेलं असतं. पहिल्याला अडखळले तर मागणी खाली दडलेली असते. ती विषयाच्या ओळीतच आणा: "मुख्य सर्व्हरसाठी दोन डिस्क – बुधवारपर्यंत मंजुरी".

आणि काढलेले तांत्रिक शब्द फेकू नका. ते दुसऱ्या पानावर जातात, सर्व्हरवाल्या इंजिनिअरसाठी: रेडचा प्रकार, डिस्कचा मॉडेल व पार्ट नंबर, कंट्रोलरवर दिसणारा संदेश अक्षरशः, आणि कामाचा क्रम. इथे मात्र सोपेपणा नको. आधी पूर्ण बॅकअप, मग बे-२ ची बंद पडलेली डिस्क बदलायची, रिबिल्ड पूर्ण झाल्याची खात्री करायची, आणि त्यानंतरच बे-३ ला हात लावायचा. "दोन्ही डिस्क बदलाव्यात" एवढंच लिहिलं आणि कोणी बे-३ ची आधी ओढली, तर चारपैकी दोन गेल्या आणि सर्व्हर तिथेच बसला.