आवाज जाणारा कथाकार आणि त्याची शिष्या: हा शेवट पटेल का?

प्रश्न: रेडिओवर वर्षानुवर्षं गोष्टी सांगणाऱ्या एका म्हाताऱ्याचा आवाज हळूहळू जातो आणि तो एका तरुण मुलीला आपल्या जागी तयार करतो, अशी लघुकथा लिहितोय. शेवटी ती माइकसमोर बसते आणि हुबेहूब त्याच्यासारखी गोष्ट सांगते. वाचकांना पटेल का? आवाज जाणं कसं दाखवावं?

उत्तर:

शेवट पटणार नाही. निदान मला तरी नाही. आकाशवाणीवर अशाच एका म्हाताऱ्याच्या टेपा कापण्यात माझी बरीचशी नोकरी गेली आहे, त्यामुळे ‘हुबेहूब’ हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. का ते पुढे येईलच.

आधी आवाजाचं. कथालेखक मंडळी आवाज घालवायचा म्हटलं की खोकला लावतात, रुमाल लाल करतात आणि शेवटी घोगरं काहीतरी पुटपुटायला लावतात. म्हातारपणी आवाज असा जात नाही. गळ्यातल्या स्वरपट्ट्यांचा स्नायू वयानं रोडावतो. पट्ट्या एकमेकींना भिडल्या तरी मध्ये बारीक फट राहते आणि बोलताना तिच्यातून हवा निसटत राहते. पुरुषाचा आवाज अशा वेळी जाडाभरडा होत नाही, उलट पातळ होतो आणि थोडा वरही चढतो. खरी अडचण दमाची. हवा फुकट जाते म्हणून वाक्य पुरत नाही. धडधाकट माणूस एका श्वासात ‘आऽ’ पंधरा-वीस सेकंद सहज लावून धरतो. आमचे अण्णा (सगळं केंद्र त्यांना अण्णाच म्हणायचं) शेवटी शेवटी दहाच्या आत संपायचे.

आणि मराठीत याचा पहिला फटका कुठे बसतो, तर क्रियापदाला. आपलं क्रियापद वाक्याच्या शेपटाला, म्हणजे नेमकं जिथे दम संपतो तिथे. अण्णांच्या एका गोष्टीचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: ‘नदीच्या पलीकडं, जिथं दिवसाढवळ्याही कोणी पाऊल टाकत नसे, त्या चिंचेच्या बनात एक आंधळी म्हातारी एकटीच राहत होती.’ हे सगळं ते एका श्वासात म्हणायचे आणि ‘होती’वर आवाज किंचित खाली ठेवून थांबायचे. मग एका वर्षी मी बूथमध्ये आवाज मोजणाऱ्या काट्याकडे बघत होतो आणि ‘एकटीच’ला काटा जो खाली बसला तो उठलाच नाही. ‘राहत होती’ नुसती हवा. ऐकणाऱ्याला म्हातारी राहत होती की मेली होती, काही पत्ता लागू नये.

पुढच्या खेपेला तीच गोष्ट ते नवी लिहून घेऊन आले. ‘नदीपलीकडं चिंचेचं बन होतं. दिवसासुद्धा तिकडं कोणी जायचं नाही. एक आंधळी म्हातारी तेवढी राहायची.’ एका वाक्याची तीन झाली होती. कोणाला काही बोलले नाहीत. श्रोत्यांची पत्रं आली की अण्णांची भाषा हल्ली किती सोपी झाली आहे! तुमच्या कथेत आवाज जाणं दाखवायचं असेल तर आधी असं कागदावर दाखवा. भ, घ, ध, ख ही अक्षरं हवा जास्त खातात, म्हणून गोष्टीतला धोंडीबा हळूच रामजी झाला होता. हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं, कारण मी आवाज ऐकत होतो, नावं नाही.

दुसरी लपवालपवी माइकची. आमच्याकडे जुना रिबन माइक होता. त्याच्या जितकं जवळ जावं तितका आवाजातला खर्ज फुगतो. अण्णा आयुष्यभर दीड वीत लांब बसत आले, ते सरकत सरकत चार बोटांवर आले. पातळ झालेल्या आवाजाला जुनं वजन मिळालं खरं, पण श्वासही तितकाच मोठा झाला आणि प्रत्येक ‘प’ला धप्प व्हायला लागलं. मग ते निस्तरायचं काम माझं. आमची टेप सेकंदाला साडेसात इंच पळायची, म्हणजे सुमारे १९ सेंटिमीटर. अर्ध्या सेकंदाचा श्वास म्हणजे हाताच्या बोटाएवढा तुकडा. स्पूल हातानं मागेपुढे फिरवून जागा शोधायची, पिवळ्या पेन्सिलीची खूण करायची, ब्लेडनं तिरका काप द्यायचा आणि चिकटपट्टीनं जोडायचं. सगळे श्वास काढून चालत नाही बरं का. तसं केलं की ऐकणाऱ्यालाच गुदमरल्यासारखं होतं. मोठे काढायचे, लहान ठेवायचे. रात्री माझ्या खुर्चीखाली अण्णांच्या श्वासांचा केर पडलेला असायचा.

घरोघरच्या श्रोत्यांना यातलं काही कळलं नाही, याचं श्रेय मीडियम वेव्हला. मीडियम वेव्हवर चार-साडेचार किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज जवळजवळ पोचतच नाही आणि हवेची सरसर बरीचशी त्याच्या वर असते. स्टुडिओच्या स्पीकरवर अण्णा फाटलेले ऐकू यायचे, स्वयंपाकघरातल्या ट्रान्झिस्टरवर तेच अण्णा ठणठणीत. पुढे कार्यक्रम एफएमवर गेला. तिथे १५ किलोहर्ट्‌झपर्यंत सगळं पोचतं. पहिल्याच आठवड्यात फोन आले की अण्णांना सर्दी झाली आहे का? तुमची कथा नव्वदच्या दशकात घडत असेल तर हा धागा सोडू नका.

आता शिष्याकडे येतो. आमचे त्या वेळचे पेक्स, म्हणजे कार्यक्रम अधिकारी, एक मुलगा घेऊन आले. नकला करण्यात पटाईत. डोळे मिटून ऐकलं तर अण्णाच, तेही दहा वर्षांपूर्वीचे. साहेब खूश. श्रोत्यांना बदल कळणारसुद्धा नाही, हे त्यांचं पालुपद होतं. दुसरी एक मुलगी युववाणी या तरुणांच्या कार्यक्रमातली कॅज्युअल, म्हणजे कायम नोकरीत नसलेली निवेदक होती. आवाज साधा, थोडा नाकात. तिला साहेबांनी नुसतं बसू दिलं होतं, अण्णा हट्टाला पेटले म्हणून.

मुलानं चिंचेच्या बनाची गोष्ट वाचली. ‘एक आंधळी म्हातारी’ म्हणाला, थांबला, मग ‘तेवढी राहायची.’ अण्णा माझ्याशेजारी बूथमध्ये होते. त्यांनी टॉकबॅकचं बटण दाबलं.

‘तिथं का थांबलास रे?’

‘तुम्ही थांबता म्हणून, अण्णा.’

‘मी दम संपतो म्हणून थांबतो. तुझा संपला का?’

पोरगा काचेपलीकडे लाल झाला. साहेब मागून म्हणाले, पण तो थांबाच तर लोकांना आवडतो! त्यावर अण्णा काही बोलले नाहीत, कारण ते खरं होतं. लोकांना ती कला वाटत होती. माझं आणि साहेबांचं भांडण तिथून सुरू झालं आणि ते रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी मिटलेलं नाही.

मुलीला त्यांनी वेगळं शिकवलं. अण्णांच्या स्क्रिप्टवर पेन्सिलीच्या तिरक्या रेघा असायच्या. एक रेघ म्हणजे चोरटा श्वास, दोन म्हणजे पूर्ण. जुन्या कागदांवर ओळीला एखादी, नव्यांवर कुंपण घातल्यासारख्या. तिला त्यांनी तीच स्क्रिप्ट दिली आणि वर खोडरबर ठेवलं. सगळ्या रेघा खोड, गोष्ट तीनदा मोठ्यानं वाच आणि मग जिथं तुझा दम लागेल तिथं तुझ्या रेघा मार. साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या मते तो ठेवा होता, आर्काइव्हमध्ये ठेवायचा.

दुसरा धडा कागदाचा. टाचणी काढायची, पानं सुटी ठेवायची, वाचून झालेलं पान उलटायचं नाही तर उचलून हळूच बाजूला सरकवायचं. पानाच्या शेवटी वाक्य तुटू द्यायचं नाही. तिसरा म्हणजे कोणाला सांगतेस ते ठरव. ती म्हणाली, श्रोत्यांना. अण्णा म्हणाले, श्रोते नावाचा कोणी माणूस मला माहीत नाही, कोण ते सांग. तिनं धाकट्या भावाचं नाव घेतलं. मग काचेच्या या बाजूला तो भाऊच बसलाय असं धरून तिनं वाचलं आणि नाकातला आवाज नाकातच राहिला, पण गोष्ट जवळ आली. हे साहेबांनाही ऐकू आलं असणार. कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

आणि हस्तांतर एका दिवसात होत नसतं हो! आधी निवेदन अण्णांचं आणि गोष्टीतल्या पोराबाळांचे आवाज तिचे. काही महिन्यांनी उलट: निवेदन तिचं, अण्णा फक्त आंधळी म्हातारी, गुराखी, म्हातारा राजा. फाटका आवाज तिथे शोभायचा आणि संवाद तोकडे असल्यामुळे दमही पुरायचा. मला ब्लेड लावावं लागत नव्हतं. पुढे त्यांच्याकडे फक्त ‘ऐका हं’ एवढंच राहिलं आणि एका आठवड्यात तेही तिनंच म्हटलं. तक्रारीची पत्रं आलीच. साहेब ती फाइलला लावून मला दाखवायचे. तिच्या नावानं यायला लागलेली पत्रं त्यांनी कधी दाखवली नाहीत, ती मी ड्यूटी रूममध्ये वाचली.

म्हणून सांगतो, हुबेहूब करणारं पात्र हवंच असेल तर तो नकल्या मुलगा घ्या आणि त्याला भर दमात चुकीच्या जागी थांबवा. मुलीला तिच्या आवाजात बोलू द्या. साहेब हे वाचत असतील तर त्यांनी खाली येऊन खुशाल वाद घालावा.

एक राहिलंच. मी सांगितलं ते वयानं होणारं, वर्षानुवर्षं चालणारं. व्यायामानं ते थोडं सावरतं, डॉक्टर पट्टीत इंजेक्शन देऊन फट भरूनही देतात. अण्णांनी फक्त पहिलं केलं, दुसऱ्याला भ्यायले. तुमचा म्हातारा तंबाखू खात किंवा विडी ओढत असेल आणि आवाज दोन-तीन आठवड्यांत बसून उठतच नसेल, तर ते दुखणं निराळं असू शकतं. गळ्यात दुर्बीण घालून तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. कथेत त्याला गरम पाणी आणि ज्येष्ठमध देत बसवू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवा. आणि घसा बसलाय म्हणून कुजबुजत शिकवतो असंही दाखवू नका. जोर लावून कुजबुजलं की घशाला आणखी ताण पडतो. अण्णा अशा दिवशी पाटीवर लिहायचे.