शेवटचा रकाना

प्रिय सिस्टर,

पत्र मिळालं, कूस बदलण्याच्या चार्टचा फोटोही. पेशंटचं नाव झाकून पाठवलंस ते बरं केलंस. तुझा प्रश्न असा की रात्री दोन वाजता आजोबांना कुशीवर केलं तेव्हा सॅक्रमवर, कमरेखालच्या हाडावर, जांभळा डाग दिसला, आणि चार्टवर तर रविवारपासून प्रत्येक ओळीत ‘स्किन इन्टॅक्ट’. आता खरं लिहिलं तर आधीच्या सगळ्या खोट्या ठरतात, आणि नाही लिहिलं तर झोप लागत नाही. वर सीनियरने सांगितलेलं, सहा वाजता सगळ्यांचे चार्ट एकदम भरून टाकायचे, सगळे तसंच करतात.

लिहायचं. यावर मी आणखी काही बोलणार नाही. तू लिहिणारच आहेस, नाहीतर मला पत्र पाठवलं नसतंस. खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो तू विचारलाच नाहीस: चार्टच्या त्या शेवटच्या, त्वचेच्या रकान्यात नक्की काय बघायचं असतं?

ऐक. ज्या जागेवरून पेशंटला उठवलंस, तीच जागा बघायची. पाठीवरून उजव्या कुशीला केलं तर बघायचं सॅक्रम, दोन्ही टाचा, खांद्याची हाडं, डोक्याची मागची बाजू. उजव्या कुशीवरून डावीकडे केलं तर उजवा खुबा, उजवा घोटा, उजवा कान. दोन तास ज्याच्यावर भार होता त्याची झडती ही. तुझ्या वॉर्डात काय चालतं ते मला फोटोवरून दिसतं: आधी रकाना भरायचा, मग जमलं तर पेशंट फिरवायचा.

फोटोत वेळा बघ. आठ, दहा, बारा, दोन, एका मिनिटाचा फरक नाही, एकच पेन, एकच तिरपं अक्षर. सोमवारी दुपारी बाराला ‘डावी कूस, स्किन इन्टॅक्ट’. तूच लिहितेस की त्या वेळी आजोबा सीटी स्कॅनला खाली गेले होते आणि एक वाजता परत आले. मग बाराला डाव्या कुशीवर कोण होतं? कोर्टात वकील लागणार नाही, ही एक ओळ पुरेल. बारा चाळीसला फिरवलं तर बारा चाळीस लिही. पेशंट स्कॅनला गेला असेल तर तसं लिही. वेड्यावाकड्या वेळांचा चार्ट बघितला की मला बरं वाटतं, माणसाने भरलाय हे कळतं.

आता तो डाग. जांभळट, त्वचा फाटलेली नाही, हाताला पिलपिलीत लागतो, असं तू लिहिलंस. चांगलं बघितलंस. हा बेडसोर आहे, आणि तो वरून सुरू झालेला नाही. हाडाला लागून आतलं मांस आधी दबतं, रक्त थांबतं, आणि वर रंग उमटायला बहुतेक वेळा ४८ ते ७२ तास लागतात. मंगळवारी पहाटे दोनला दिसलेल्या डागाचा हिशोब मागे नेलास तर शनिवार रात्रीपर्यंत पोचतेस. तेव्हा आजोबा कुठे होते? कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवर, तुझ्याच शब्दांत ‘बेड मिळेपर्यंत, सकाळपर्यंत’. पातळ रेक्झिन, खाली पत्रा, डावी बाजू लुळी, हलता येत नाही, दुखलं तरी सांगता येत नाही. बहुधा तिथेच. ‘बहुधा’ म्हणते, कारण रविवारी वॉर्डात घेताना कोणी पाठ उघडून बघितली असती तर आज खात्रीने बोलता आलं असतं. रकाना खोटा भरला की तो तुलाही वाचवत नाही, हे तुझ्या सीनियरला सांग. नको, सांगू नकोस, उगाच भांडण होईल. मीच सांगेन कधी भेटली तर.

दुसरं कारण फोटोत नाही, तुझ्या पत्रात आहे. नाकातल्या रायल्स ट्यूबने दर दोन तासांनी फीड, म्हणून डोक्याकडची बाजू दिवसभर ४५ अंशांवर. माणूस खाली घसरतो, त्वचा चादरीला चिकटून जागेवर राहते, आतलं हाड पुढे सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. मग मुलगा येतो आणि काखेत हात घालून वडिलांना वर ओढतो, पुन्हा तीच ओढाताण. फीडच्या वेळी आणि नंतर तासभर डोकं वर ठेव, मग डॉक्टरांना विचारून ३० अंशांवर आण, गुडघ्यांखाली उशी दे म्हणजे घसरणार नाहीत. कूस बदलायची ती फीडच्या आधी. वर घेताना खाली आडवी चादर, दोन बाजूंना दोन माणसं, उचलायचं, ओढायचं नाही. मावशी एकट्या असतील तर मुलाला शिकव, तो तसाही बाकावर बसलेला असतो.

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या की स्पिरिट-पावडर लावून चोळ. आम्हालाही तेच शिकवलं होतं, परीक्षेत त्याला मार्क होते. लाल किंवा जांभळ्या जागेवर चोळायचं नाही. आतल्या रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात, चोळून तू त्या आणखी फोडतेस. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते ते वेगळंच. ग्लोव्हमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवणं, मधे भोक असलेली रिंग ठेवणं, हेही बंद. रिंगमुळे कडेने दाब पडतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं.

आता चार्ट चालतो कसा ते बघ. मंगळवारचं पुढचं मी रचून दाखवते.

२.२०, पाठीवरून उजव्या कुशीला, ३० अंश कलतं. रकान्यात: ‘सॅक्रमवर ३ बाय ४ सेंमी जांभळट डाग, त्वचा अखंड, दाबल्यावर रंग जात नाही, हाताला मऊ. डॉक्टर व इन्चार्ज यांना २.३० ला कळवलं.’ आधीच्या ओळींना हात लावायचा नाही, तुझी सही तुझ्या ओळीपुरती. आणि या एका ओळीने पुढचं ठरलं: पाठ बंद. डावी–पाठ–उजवी असं जे चक्र छापलेलं आहे त्यातली पाठ काट. पूर्ण ९० अंश आडवं नाही करायचं, तसं केलं तर सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे लांब उशी लावून कलतं ठेव आणि सॅक्रमखाली तळहात सरकवून बघ. हात सहज गेला तर जागा मोकळी आहे.

४.१५, उजवीकडून डावीकडे. उजव्या खुब्यावर लाली, बोटाने तीन सेकंद दाबून सोडल्यावर पांढरी पडते आणि पुन्हा भरते. ठीक आहे, पण पावणेपाचला परत बघ. गेली असेल तर उजवी बाजू दोन तास सोसते. डावी बाजू लुळी, तिथे संवेदना नाही, म्हणून तिला मी पहिल्यांदा दीडच तास देईन.

५.४५, डावीकडून उजवीकडे. डाव्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर लाली, दाबल्यावर जात नाही. ही पहिली पायरी, त्वचा न फाटलेली जखम. मग पुढच्या डाव्या कुशीला एकच तास, पोटरीखाली उशी, घोटा अधांतरी. बघ, प्रत्येक रकान्याने पुढची ओळ लिहिली. ‘स्किन इन्टॅक्ट’ ही ओळ काहीच ठरवत नाही.

आजोबा सावळे आहेत, लाली दिसणार नाही, हे म्हणशील. बरोबर. सावळ्या त्वचेवर दाबून पांढरं होणं नीट दिसत नाही, म्हणून हात लाव. बोटांच्या मागच्या बाजूने ती जागा आणि शेजारची जागा दोन्ही चाचप. जास्त गरम, जास्त गार, टणक, पिलपिलीत, जो फरक असेल तो लिही. बॅटरी समोरून नाही, तिरपी धर, सूज आणि चकाकी दिसते. बोलणाऱ्या पेशंटला विचार, कुठे ठणकतंय.

दोन तासांचं एवढं कौतुक नको. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४ पासून इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल हॉस्पिटलात डॉ. गुटमन यांनी मणक्याच्या जखमींना रात्रंदिवस दोन-दोन तासांनी फिरवायचा नियम लावला आणि माणसं जगवली. पण तो आकडा त्वचेवर कोरलेला नाही. २०१३ मध्ये छापलेल्या एका चाचणीत वृद्धाश्रमांतल्या माणसांना दोन, तीन आणि चार तासांनी फिरवलं आणि जखमांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. पण त्यांच्या गाद्या चांगल्या दाट फोमच्या होत्या. तुझ्या वॉर्डातली गादी मी बघितली आहे, मधे खळगा पडलाय. म्हणून दोन तासांनी सुरुवात कर आणि त्वचेला विचारून वेळ कमी-जास्त कर. अल्फा बेड, म्हणजे ती हवेची गादी, मिळाली तरी फिरवणं बंद नाही.

तीस पेशंट आणि दोन सिस्टर, कसं जमणार? सगळे तीस फिरवायचे नसतात. स्वतः कूस बदलू न शकणारे सात-आठ असतील, त्यांची नावं हॅन्डओव्हरलाच मागून घे. तेही रात्री जमलं नाही तर ‘जमलं नाही, स्टाफ दोन’ असं लिही. हे लिहायला धाडस लागतं, मला माहीत आहे.

एकदा इन्स्पेक्शनच्या आधी आमच्या हॉस्पिटलने चार्ट नव्याने छापायला घेतला. त्वचेचा रुंद रकाना काढून बोटभर रुंदीचा टिकचा चौकोन केला, कागद वाचतो म्हणून. मी मीटिंगमध्ये म्हटलं, चौकोनात टिक मावते, घोटा मावत नाही. कोणी हसलं, कोणी ‘या बाईंना प्रत्येक गोष्टीत वाद’ म्हणालं, आणि चौकोन छापला गेला. मी माझ्या वॉर्डात पट्टीने रेघ मारून रकाना रुंद करत राहिले. बदली झाली ती त्यामुळेच, असं मी म्हणत नाही, बाकीचे म्हणतात. मला खंत एकच, मीटिंगमधलं माझं म्हणणं मी लेखी दिलं नाही. तोंडी बोलले आणि घरी गेले. हट्टी म्हणतात तर म्हणोत, रेघ मी बरोबर जागी मारत होते.

तुझ्या चार्टलाही चौकोनच आहे, जेमतेम ‘स्किन इन्टॅक्ट’ मावेल एवढा, फोटोत दिसतोय. पाठीमागची कोरी बाजू वापर. वेळ घाल, जागा लिही, सही कर, आणि पुढच्या चौकोनात ‘स्किन इन्टॅक्ट’ऐवजी ‘मागे पाहा’.

आणि एक. तू पाठीबद्दल दोन पानं लिहिलीस. आजोबांची डावी बाजू लुळी, शनिवारची रात्र स्ट्रेचरवर, नंतर दोन दिवस गादीवर. डाव्या टाचेबद्दल एक शब्द नाही. मोजा घातलाय का त्यांना? काढून बघ आणि कळव.

तुझी,
जुन्या वॉर्डाची सिस्टर